पी हळद, हो गोरी : इंग्रजीत कसं सांगायचं?

वसमतला हळदीवर संशोधन करणारं जे सरकारी केंद्र आहे, त्याच्या नावात ‘हरिद्रा (हळद)’ असं लिहिलेलं असतं. ज्या तालुक्यातलं शाळकरी पोरगंसुद्धा गड्डा कोणता आणि हळकुंड कोणतं हे डोळे मिटून सांगेल, तिथे हळदीला आधी संस्कृतात नेऊन बसवलं आणि मग लोक बावचळायला नकोत म्हणून कंसात पुन्हा मराठीत आणलं. सरकारी कागदावर हे खपून जातं, कारण तो कागद कुणी हसायला म्हणून वाचत नाही. म्हणीच्या शेपटीला असा कंस लावला की मात्र पंचाईत होते. ऐकणारा कंस संपेपर्यंत थांबतो आणि मग विचारतो, “बरं, मग?”

या गावाचं नावही एका रूपात राहत नाही. मराठीत वसमत, जुन्या कागदांत वसमतनगर, इंग्रजीत कधी बसमत, कधी बसमथ. हिंगोली जिल्हा 1999 साली झाला. त्याआधी वसमत परभणी जिल्ह्यात होतं आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि मोंढ्यात ज्याला जी समजेल ती, असा व्यवहार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्या हैदराबादेत 1917 साली ‘दारुल तर्जुमा’ नावाचं भाषांतराचं खातंच उघडलं होतं. उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून होणार, म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकं तिथे उर्दूत उतरवली जात. रसायन, कायदा, इतिहास असले विषय पगारी माणसं लावून उतरवता येतात. आजीचं बोलणं कुणी उतरवायचं, असा प्रश्न तेव्हा खात्यापुढे आला नसावा.

तो आता येतो. ‘वसमत हळद’ला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि इथल्या हळदीबद्दल मराठीबाहेरच्या लोकांना सांगण्याचं निमित्त वाढलं. समजा, याच भागातली एक कथा कुणाला इंग्रजीत न्यायची आहे. कथेत जूनचा पहिला आठवडा आहे. नातवानं यंदा पहिल्यांदाच एकरभर सेलम हळद लावली आहे. बेणं अजून मातीतून वर आलेलं नाही आणि हा ओसरीवर बसून मोबाइलवर चारचाकीच्या किमती पाहतो आहे.

“काय बघायलास रे?” आजी विचारते.

“गाडी, आजी. हळद निघाली की घ्यायची.”

“पी हळद अन् हो गोरी!”

“गोरं राहू दे आजी, निदान पिवळा तरी होऊ दे.”

मराठी वाचक इथे हसून पुढे जातो. भाषांतरकार इथेच मुक्कामाला थांबतो.

आजीला काय म्हणायचं आहे ते शालेय पुस्तकात मिळतं. ‘कोणत्याही गोष्टीत अति उतावीळपणा करणे’ असा अर्थ तिथे छापलेला असतो आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. पण आजी नातवाला उतावीळपणाची व्याख्या सांगत नाही, ती त्याची टर उडवते. तीही अशा पिकाचं नाव घेऊन, की ज्याला घाई कधी मानवतच नाही. मे-जूनमध्ये लावलेली हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते आणि जानेवारीनंतर काढणीला येते. काढली की लगेच विकली, असंही नाही. गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, शिजवायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, तेव्हा कुठे माल मोंढ्यात जातो. म्हणजे नातवाची गाडी अजून नऊ-दहा महिने लांब आहे आणि आजीनं हा सगळा हिशेब पाच शब्दांत बसवला आहे. शिवाय शास्त्रही आजीच्याच बाजूनं आहे. हळदीला रंग देणारं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात गेलं तरी अंगात फारच थोडं शोषलं जातं. पिऊन गोरं होणं राहिलं बाजूला, नीट पिवळं होणंही अवघड.

आता भाषांतर. पहिला मार्ग समानार्थी म्हणीचा, आणि इंग्रजीतली सर्वांना ठाऊक असलेली म्हण हात वर करून उभीच असते: रोम एका दिवसात बांधलं गेलं नाही. अर्थ बऱ्यापैकी जुळतो. इंग्रज वाचक अडखळणारही नाही. पण वसमतच्या ओसरीवर नऊवारीतल्या आजीनं एकदम रोमचं नाव काढलं, की वाचकाला वाटतं आजी इटलीला जाऊन आली असावी. त्याहून मोठी अडचण पुढच्या ओळीत आहे. नातू म्हणतो, “गोरं राहू दे, निदान पिवळा तरी होऊ दे.” आजीनं रोम बांधलं असेल तर नातवानं काय म्हणावं? “रोम राहू दे, निदान पूर्णा तरी होऊ दे”?

म्हणींच्या भाषांतराची सगळी मेख इथे आहे. समानार्थी म्हण चालेल की नाही, हे त्या म्हणीकडे पाहून ठरत नाही. तिच्यानंतरच्या दहा ओळी वाचल्यावर ठरतं. म्हण एकदाच येऊन गेली आणि तिच्यातल्या वस्तूला कुणी पुन्हा हात लावला नाही, तर बदली म्हण बिनधास्त बसवावी. पण पुढच्या माणसानं तोच धागा उचलून कोटी केली असेल, किंवा सगळी कथाच हळदीची असेल, तर बदली म्हणीनं पुढचं बांधकाम कोसळतं. ‘इकडे आड तिकडे विहीर’ला इंग्रजीत सैतान आणि खोल समुद्र यांच्यामध्ये उभं करायला हरकत नाही. त्याच कथेत तिसऱ्या पानावर कुणी खरोखर विहिरीत पडत असेल, तर मात्र त्याला समुद्रातून वर काढावं लागेल.

रोममध्ये आणखी एक खोट आहे. ते वाक्य धीर देतं. मास्तर मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो ना, तसलं. आजी पाठीवर हात ठेवत नाही, चिमटा काढते. अर्थ तोच राहिला आणि सूर उलटा झाला, तर भाषांतर बरोबर दिसतं आणि कथा चुकते. पानावरून नजर फिरवणाऱ्याला हे कळत नाही. संवाद मोठ्यानं वाचला की कळतं, कारण नातवाचं उत्तर चिमट्याचं आहे आणि धीर देणाऱ्याला कुणी तसं उत्तर देत नाही.

मग दुसरा मार्ग, शब्दशः. ‘ड्रिंक टर्मरिक अँड बिकम फेअर.’ इथे मराठी माणसाला वाटतं, चला, काम फत्ते. पण इंग्रजीत ‘फेअर’ म्हणजे गोरा तसाच न्यायीही. वसमत भागातल्या ऊसवाल्याला हा शब्द एफआरपीमुळे पाठ आहे; हळद पिऊन ‘फेअर’ मिळत असतं, तर रस्ता रोखण्याऐवजी त्यानं पेलाच तोंडाला लावला असता. बरं, ‘फेअर’ सोडून ‘व्हाइट’ म्हणावं, तर आजी थेट वंशभेदाच्या चर्चेत सापडते. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांनीही या शब्दापुढे हात टेकले आहेत. भारतातल्या सर्वांत खपाऊ क्रीमनं 2020 साली आपल्या नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. म्हणीला असं नाव बदलता येत नाही. ‘पी हळद अन् हो तेजस्वी’ असं म्हणणारी आजी वसमत तालुक्यात शोधून सापडायची नाही.

शब्दशः भाषांतराचा खरा घात मात्र ‘फेअर’नं केलेला नाही. तो कॉफीच्या दुकानांनी केला. गेल्या दशकभरात लंडन-न्यूयॉर्ककडच्या कॅफेंत ‘टर्मरिक लाटे’ नावाचं पेय मिळू लागलं. आपल्याकडे पोराला सर्दी झाली की नाक दाबून पाजतात, तेच हळदीचं दूध. तिथे लोक ते पैसे मोजून, आरोग्य सुधारेल आणि कांती उजळेल म्हणून, आनंदानं पितात. आता अशा वाचकासमोर ‘हळद प्या आणि गोरे व्हा’ हे वाक्य आलं, तर तो हसेल कशाला? तो आजीला कृती विचारेल. शंभर वर्षांपूर्वी या म्हणीखाली ‘हळद म्हणजे काय’ ते लिहावं लागलं असतं. आता हळद सगळ्यांना माहीत झाली आणि ‘ही थट्टा आहे’ असं लिहायची पाळी आली.

तरी शब्दशः भाषांतराला सरसकट बाद करणारे एक गोष्ट विसरतात. मराठी माणूस ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ असं म्हणतो, तेव्हा ते मुळात भाषांतरच असतं. इसापाच्या गोष्टी तंजावरला सर्फोजीराजांच्या छापखान्यात 1806 साली मराठीत छापल्या गेल्या आणि 1828 साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी त्या पुन्हा मराठीत आणल्या. ती आंबट द्राक्षं इतकी मुरली, की आज कुणी ती ग्रीसची म्हणून दाखवत नाही. फार तर नाशिकची म्हणेल. गंमत अशी की या शब्दशः मालातही भेसळ आहे. इंग्रजी गोष्टीतला ‘फॉक्स’ म्हणजे आपलं खोकड. कोल्हा हा वेगळा प्राणी, इंग्रजीतला ‘जॅकल’. पण लबाडीचं खातं मराठीत आधीपासून कोल्ह्याकडे होतं, म्हणून द्राक्षं शब्दशः आली आणि प्राणी समानार्थी आला. दोन्ही मार्ग एकाच म्हणीत, आणि दोनशे वर्षांत कुणाची तक्रार नाही.

तिसरा मार्ग टिपेचा. त्याचा मानाचा नमुना 1899 चा आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड ए. मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणींचा जाडजूड संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसमधून काढला. आधी मराठी म्हण, मग तिचं इंग्रजी, आणि गरज पडेल तिथे खुलासा, अशी त्याची साधी मांडणी आहे. म्हणी विषयवार लावलेल्या, म्हणजे शेतीच्या शेतीत आणि नात्यागोत्याच्या नात्यागोत्यात. अशा पुस्तकात टीप फुकट मिळते, कारण वाचक टिपेसाठीच आलेला असतो. त्याला पुढे काय झालं याची घाई नसते; पुढे नुसती पुढची म्हण असते.

कथेत टीप फुकट नाही. आजी बोलली, वाचकाची नजर पानाच्या तळाशी गेली, तिथे ‘हळद : आल्याच्या कुळातील वनस्पती. भारतीय विवाहविधीत वधूवरांच्या अंगास लावतात. येथे उपहासार्थी’ एवढं वाचलं आणि तो वर परत आला, तोवर नातवाची कोटी शिळी झाली. ‘येथे उपहासार्थी’ हे शब्द तर कुठल्याही विनोदाचा प्राण घ्यायला पुरेसे आहेत. शिवाय परक्या वाचकाला वाटतं आपल्याला कमी समजतं, आणि मराठी वाचकाला वाटतं आपल्याला पुन्हा पाचवीत बसवलं.

मग कसबी भाषांतरकार काय करतो? तो टीप तळाशी न टाकता आजीच्या तोंडातच, नाही तर तिच्या आजूबाजूला, अर्ध्या वाक्यात विरघळवतो. इंग्रजीत आजी असं काहीसं म्हणेल: “हो, आज सकाळी हळद प्यायलास, आता दुपारपर्यंत गोरा होशील!” मुळात नसलेले ‘सकाळी’ आणि ‘दुपारपर्यंत’ हे दोन शब्द घातले की घाई उघडी पडते, थट्टा वाचकाला दिसते आणि कॅफेतला माणूस कृती विचारायचा थांबतो. हळद जागेवर आहे, म्हणून नातवाची कोटीही जगते. किंमत मात्र मोजावी लागली. ‘पी’ आणि ‘हो’ या दोन हुकमांचा ठेका गेला, पाच शब्दांचे नऊ झाले, आणि ही जुनी म्हण आहे की आजीनं आत्ताच रचली, हे वाचकाला कळेनासं झालं. ते कळवायचं असेल तर ‘आजीची ठेवणीतली म्हण’ असं निवेदनात एकदा म्हणून टाकावं. पण प्रत्येक म्हणीपूर्वी तसं म्हटलं तर कथा भटजींच्या पोथीसारखी वाजायला लागते.

यात एक बारकावा इंग्रजीत आपोआप बुजतो आणि हिंदीत उघडा पडतो. मराठी म्हण ‘गोरी’ असं म्हणते, आणि मिशी फुटलेल्या नातवालाही आजी ‘हो गोरी’च म्हणते, ‘हो गोरा’ नाही. म्हणीला समोरच्याचं लिंग पाहायची सवय नसते. इंग्रजीत विशेषणाला लिंगच नाही, त्यामुळे तिथे सुटका. हिंदीत उतरवणाऱ्यानं ‘गोरी’ ठेवलं तर वाचक नातवाची नात करतो, आणि ‘गोरा’ केलं तर ती म्हण न राहता सल्ला होतो.

काम जोखायची एक साधी रीत आहे. तयार झालेला संवाद मराठी न येणाऱ्या माणसाला वाचायला द्यायचा आणि ‘अर्थ कळला का’ असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळेच सभ्यपणे ‘हो’ म्हणतात. विचारायचं, “इथे कोण कुणाला हसतंय?” उत्तरात आजी आणि नातू आले तर जमलं. हळदीचे गुणधर्म आले तर पुन्हा बसायचं.

हिंदीचं प्रकरण इंग्रजीहून सोपं असेल, असं वसमतकराला वाटणं साहजिक आहे, कारण दोन्ही बाजूंच्या म्हणी बहिणी-बहिणी दिसतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ला तिथे ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’ तयार आहे. अंगणसुद्धा तेच, वाकडेपणाही तोच. पण बहिणींतही हिशेब वेगळे असतात. आपली झाकली मूठ सव्वा लाखाची, हिंदीवाल्यांची बंद मुट्ठी लाख की. ते वरचे पंचवीस हजार कुठे गेले, हे भाषांतरात विचारायचं नसतं. ‘हाथ कंगन को आरसी क्या’ याला हिंदीत जोड आहे, ‘पढ़े लिखे को फ़ारसी क्या’. मराठीत ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ एवढंच आहे. आरसीचा आरसा झाला तिथेच फारसीशी यमक तुटलं. तिला धरून ठेवणारं मग काही उरलं नसावं. निजामाच्या राज्यात राहून वसमतनं म्हणीतली फारसी गमावली, आणि कचेरीच्या उर्दूतली मात्र 1948 नंतरही बरीच वर्षं गेली नाही.

हळदीची दुसरी म्हण हिंदीत नेताना खरी परीक्षा होते. ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला.’ थोडंसं मिळालं आणि अंगभर चढलं, अशा माणसाला आपण हे म्हणतो. अर्धं हळकुंड उगाळून लावलं आणि गडी स्वतःला नवरदेव समजायला लागला. हिंदीत याच जागी ‘चूहे को मिली हल्दी की गाँठ, पंसारी बन बैठा’ ही म्हण आहे. उंदराला हळदीची एक गाठ सापडली आणि त्यानं मसाल्याचं दुकान थाटलं. हळद तीच, गर्व तोच. इतकी बेतशीर समानार्थी म्हण भाषांतरकाराला आयुष्यात क्वचित भेटते. मोंढ्यातल्या अडत्याबद्दल बोलणं चाललं असेल तर ती मुळापेक्षाही सरस बसते.

पण मराठी म्हणीत कुणाला प्राणी म्हटलेलं नाही. सून सासऱ्याबद्दल जावेजवळ हळूच म्हणू शकते, “मामंजी अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेत,” आणि आदरार्थी बहुवचनही शाबूत राहतं. हिंदीत तिनं तेच उंदराचं दुकान काढलं, तर मामंजी एकदम चूहा होतात आणि कथेत जे भांडण सहाव्या प्रकरणात व्हायचं होतं ते पहिल्यातच होतं. म्हणून म्हण बदलताना अर्थाच्या आधी माणसं पाहावी लागतात. वडीलधाऱ्यानं धाकट्याला म्हटलं असेल तर उंदीर चालेल. धाकट्यानं वडीलधाऱ्याबद्दल म्हटलं असेल तर शब्दशः हळकुंड बरं, थोडं परकं वाटलं तरी.

आणि काही म्हणींपुढे तिन्ही मार्ग बंद करून स्वस्थ बसावं, हे मराठीनं स्वतःच दाखवून दिलं आहे. ‘दर्या में खसखस’ आपण तशीच बोलतो. ‘मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काजी’ तशीच, काजीसकट. खसखशीचा समुद्र मराठीत करायला कुणी बसलं नाही, कारण ऐकणाऱ्याला तेवढं हिंदुस्थानी येतच होतं. इंग्रजी कादंबरीतही अलीकडे लेखक मूळ म्हण तशीच ठेवू लागले आहेत; पण तिथे वाचकाला आजूबाजूच्या प्रसंगावरून ती कळली पाहिजे, नाही तर ती नुसती शोभेला ठेवल्यासारखी दिसते.

आता उरलं संपादकाचं पत्र. भाषांतरकारानं दोन्ही म्हणींत हळद राखली, टीप टाळली, नातवाची कोटी सांभाळली आणि हस्तलिखित दिल्लीला धाडलं, असं धरू. संपादकाची पहिली शंका ठरलेली: नातू आधी गोरा होणार होता, मग पिवळा, आणि चौथ्या पानावर त्याचा चुलता अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय, तर या घराण्यात कावीळ आहे का, आणि असल्यास ते आधी कुठे तरी सांगावं.